एकच चेहरा, दोन फोटो आणि तेरा वर्षांचं अंतर

प्रश्न: मी ४१ वर्षांचा आहे. एकाच आठवड्यात काढलेले माझे दोन फोटो मला न ओळखणाऱ्या बारा जणांना दाखवले आणि वय विचारलं. खिडकीजवळच्या फोटोवरून सरासरी ३४ आली, लिफ्टमध्ये हसताना काढलेल्या फोटोवरून ४७. दोन्ही फोटो जोडले आहेत. चूक फोटोंची की बघणाऱ्यांची? आणि फोटोवरून वय ओळखायचं तर नेमकं काय बघायचं?

उत्तर:

चूक दोघांचीही आहे, पण तेरातली बहुतेक वर्षं फोटोंच्या खात्यात जातात. हे फोटो उघडण्याआधीच तुमच्या आकड्यांवरून कळतं.

अनोळखी प्रौढ माणसाचा एकच फोटो दाखवून वय विचारलं, तर एकेकाचा अंदाज पाच-सात वर्षांनी हुकणं अगदी नेहमीचं आहे. त्वचेच्या चाचण्यांसाठी लोकांकडून असे अंदाज गोळा करणं हे माझं बरीच वर्षं काम आहे आणि अनुभवी लोकांच्या बाबतीतही हा आकडा फारसा खाली येत नाही. मात्र कोणी वर हुकतं, कोणी खाली. बारा जणांची सरासरी काढली की वरच्या आणि खालच्या चुका एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात आणि सरासरीत दोनेक वर्षांची डगमग उरते. तेरा वर्षांचं अंतर त्या डगमगीतून येऊ शकत नाही. बाराही जणांना एकाच दिशेला ढकलणारं काहीतरी फोटोतच असलं पाहिजे आणि अशी सगळ्यांची सामाईक चूक सरासरीने जात नाही. बाराच्या जागी बाराशे माणसं घेतली असती तरी लिफ्टमधल्या फोटोला ४७ च्या आसपासच आकडा आला असता.

त्यात दोन्ही फोटो त्याच बारा जणांनी पाहिले असतील, तर खरं अंतर कदाचित आणखी मोठं असेल. चेहरा तोच आहे हे लक्षात आलं की माणूस आपल्या आधीच्या आकड्यापासून फार लांब जायला कचरतो. म्हणून आमच्याकडे एका माणसाचा एकच फोटो एका परीक्षकाला दाखवतात आणि दुसरा फोटो दुसऱ्याच गटाकडे जातो.

आता लिफ्टमधला फोटो बघू. चेहऱ्याकडे वळण्याआधी मी उजेड कुठून येतोय ते शोधते. तुमच्या नाकाखालची सावली सरळ खाली उतरून वरच्या ओठाच्या कडेला टेकली आहे आणि बुब्बुळांत उजेडाचा ठिपका जवळजवळ दिसत नाही. म्हणजे दिवा डोक्याच्या बरोबर वर आहे आणि भुवईच्या हाडाने डोळ्यांपर्यंत उजेड पोचू दिलेला नाही. समोरून उजेड असता तर ठिपका बुब्बुळाच्या मधोमध किंवा जरा वर, स्वच्छ दिसला असता.

वरच्या दिव्याने वय का वाढतं? चेहऱ्यावरच्या ज्या खुणांवरून आपण वय वाचतो, त्यातल्या कितीतरी आडव्या असतात. कपाळावरच्या रेघा आडव्या, डोळ्याखालची फुगवटी आडवी, तिच्या खालची खळगीही जवळपास आडवीच. वरून येणारा उजेड या सगळ्यांना आडवा कापतो आणि प्रत्येकीच्या खालच्या बाजूला सावली पाडतो. गिलावा सारखा झाला आहे का ते बघायला गवंडी दिवा भिंतीलगत तिरपा धरतो, तेव्हा एरवी न दिसणारे उंचवटे उठून दिसतात. इथेही तेच होतं. डोळ्याला सावली दिसते आणि सावली जितकी गडद तितकी घडी खोल, असा हिशेब मेंदू आपोआप करतो. घडीची खरी खोली मात्र तितकीच असते. उजेड एका बाजूने आला तर आडव्या रेघा मऊ होतात आणि उभ्या खुणा चढतात. भुवयांमधल्या रेघा आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी तेव्हा ठळक दिसते.

एक गोष्ट इथे नीट समजून घेण्यासारखी आहे. डोळ्याखालची खळगी ही वयाची खरीखुरी खूण आहे. वयाबरोबर डोळ्याच्या खोबणीचं हाड कडेने थोडं झिजून खोबण रुंद होते, गालाच्या वरच्या भागातली चरबी पातळ होते, आणि पापणी जिथे गालाला मिळते तिथे खोलगटपणा येतो. वरचा दिवा ही खूण नव्याने तयार करत नाही, असलेली खूण फुगवतो. त्यामुळे बघणाऱ्याला आपण फसतोय असं वाटतच नाही. तो योग्य जागी बघत असतो, फक्त माप चुकीचं घेतो. याच दिव्याखाली विशीतल्या मुलाच्या डोळ्यांखालीही काळी अर्धवर्तुळं पडतात.

त्याच फोटोत आणखी दोन गोष्टी घडल्या आहेत. उजेड केसांतून थेट टाळूवर पडल्याने भांगाजवळ केस आहेत त्याहून विरळ दिसताहेत. आणि तुम्ही मोकळेपणाने हसताय. हसण्याने माणूस तरुण दिसतो अशी आपली पक्की समजूत असते. इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ झ्वी गानेल यांनी २०१५ मध्ये हे तपासलं, तेव्हा तरुण माणसांचे हसरे फोटो त्याच माणसांच्या गंभीर फोटोंपेक्षा जास्त वयाचे ठरले. कारण डोळ्यांच्या कोपऱ्यात पडणाऱ्या सुरकुत्या. हसताना त्या पडणारच आणि बघणाऱ्याला त्या हिशेबातून वजा करता येत नाहीत. पुढच्या कामात त्यांनी आश्चर्यचकित चेहरेही घेतले. ते सर्वांत तरुण ठरले, कारण डोळे विस्फारले की आजूबाजूची त्वचा ताणली जाते. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं निरीक्षण. हसऱ्या चेहऱ्यांना स्वतःच जास्त वय देऊन झाल्यावर लोकांना विचारलं, तर ते सांगत होते की आपण हसऱ्यांना कमी वय दिलं. माणसाला आपल्या अंदाजाचं कारण माहीत असतंच असं नाही. म्हणून "कशावरून ४७ वाटले?" याला मिळालेल्या उत्तरांवर फार विसंबू नका. हसण्याचा हा परिणाम म्हाताऱ्या चेहऱ्यांत मात्र टिकत नाही. तिथे सुरकुत्या हसण्याआधीपासूनच असतात.

आता खिडकीजवळचा फोटो. हा बघून तुम्हाला बरं वाटलं असेल, पण चूक यातही आहे, फक्त उलट्या दिशेला. बुब्बुळांत मोठा चौकोनी ठिपका आहे, नाकाखाली सावली जवळपास नाहीच. मोठी खिडकी, अगदी समोर. असा उजेड प्रत्येक घडीच्या तळापर्यंत पोचतो, सावली उरत नाही आणि सावली नाही म्हणजे डोळ्याच्या लेखी घडीही नाही. शिवाय फोटो थोडा जास्त उजळ आला आहे. त्वचेतले बारीक फरक पांढरेपणात बुडाले आहेत, पण भुवया, पापण्या आणि ओठ गडदच राहिलेत. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की चेहऱ्याची त्वचा आणि डोळे-भुवया-ओठ यांच्यातला रंगाचा फरक वयाबरोबर कमी होत जातो आणि हा फरक वाढवला की तोच चेहरा तरुण वाटतो. जास्त उजळ फोटोत हा फरक बऱ्यापैकी शाबूत राहतो आणि सुरकुत्या तेवढ्या पुसल्या जातात. लिपस्टिक आणि भुवयांची पेन्सिलही याच वाटेने वय उतरवतात.

तिसरी गोष्ट फोनची. फोटो मोठा करून बघा. कानाच्या पाळीवर आणि गळ्यावर त्वचेचा पोत दिसतोय, बारीक छिद्रं दिसताहेत. गालावर आणि कपाळावर ती अचानक नाहीशी होतात. भुवयांच्या कडेचे सुटे केस त्वचेत विरघळल्यासारखे झालेत. कॅमेऱ्याचा फोकस चुकला असता तर सगळंच मऊ झालं असतं. पोत फक्त चेहऱ्यापुरता गेला आहे, म्हणजे फोनने चेहरा ओळखून तेवढाच गुळगुळीत केलाय. हे तुम्ही मुद्दाम केलं नसेल. बऱ्याच फोनमध्ये ही सोय आधीपासून चालू असते. मी प्रत्येक फोटोत कान आणि गाल यांची तुलना करते. यात अर्धं मिनिटही जात नाही आणि फोटोवर किती भरवसा ठेवायचा ते ठरून जातं.

फोटो लहान करून पाठवला, दाबून हलका केला, तरी साधारण असंच होतं, पण अर्धवट. बारीक रेघा जातात, मोठ्या सावल्या राहतात. त्यामुळे खिडकीचा फोटो लहान आकारात आणखी तरुण दिसेल, पण लिफ्टचा फोटो लहान केला तरी तुमची सुटका नाही.

अंतराचंही एक आहे. लिफ्टमधला फोटो हात जेमतेम लांब करून काढलाय. तीस सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोच्या मानाने सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ मध्ये अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी मांडला होता. जवळच्या फोटोत कान मागे सरकतात, जबड्याची कड आक्रसते. यामुळे वय ठरावीक दिशेने सरकतं असं मी म्हणणार नाही, पण ज्या खुणांवरून वय वाचायचं त्याच खुणांची मापं बिघडतात हे नक्की.

३४ आणि ४७ यांची सरासरी साडेचाळीस येते, तुमच्या खऱ्या वयाला अगदी लागून. हा योगायोग आहे. एक फोटो वर ढकलतो, दुसरा खाली, आणि दोन्ही ढकलण्या यावेळी जवळपास सारख्या पडल्या. दोन वाईट फोटोंची सरासरी काढायची रीत यावरून पाडून घेऊ नका.

मग बघणाऱ्यांचं काय? त्यांच्या दोन खोडी पक्क्या आहेत. पहिली म्हणजे अंदाज मधल्या वयाकडे ओढले जातात. तरुणांना आहे त्याहून जास्त वय मिळतं, वयस्करांना कमी. दुसरी म्हणजे नुकताच पाहिलेला चेहरा पुढच्या अंदाजाला आपल्याकडे ओढतो. सत्तरीतल्या माणसानंतर लगेच तुमचा फोटो आला तर तुम्हाला एखाददुसरं वर्ष फुकट चिकटेल. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये या दोन्ही ओढी वेगवेगळ्या करून दाखवल्या. ४१ हे वय मधलंच असल्याने पहिल्या खोडीचा तुम्हाला फारसा त्रास नाही. एकोणीस किंवा पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला तो बराच होतो. याखेरीज, आपल्या वयाच्या आणि ज्यांच्यात आपण वावरतो अशा लोकांचं वय आपल्याला जास्त नीट कळतं. बाराही जण पंचविशीतले असतील तर चाळिशीच्या आतबाहेरचे बारकावे त्यांच्या नजरेतून निसटणारच.

यंत्रांनाही यातलं बरंच काही लागू आहे. अमेरिकेच्या एन.आय.एस.टी. या प्रमाणन संस्थेने २०२४ मध्ये वय ओळखणाऱ्या सहा प्रणाली तपासल्या. २०१४ च्या चाचणीशी तुलना करता येईल अशा व्हिसाच्या फोटोंवर सरासरी चूक ४.३ वर्षांवरून ३.१ वर आली होती. मात्र व्हिसाचे फोटो सरळ, समोरून आणि निर्विकार असतात, हे विसरू नये. त्याच तपासणीत स्त्रियांच्या चेहऱ्यांवरची चूक जवळजवळ नेहमीच जास्त निघाली आणि फोटोच्या दर्जाने निकाल बदलत होता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, काय बघायचं. माझा क्रम असा आहे की उजेडाने जे कमी बदलतं ते आधी बघायचं आणि सर्वांत जास्त फसवणारं शेवटी.

मी सुरुवात ओठांपासून करते. नाकाच्या तळापासून वरच्या ओठाच्या लाल कडेपर्यंतचं अंतर वयाबरोबर वाढतं आणि ओठाचा लाल भाग पातळ होतो. हे आकाराचं माप आहे, सावलीचं नाही, त्यामुळे समोरच्या खिडकीला ते सहसा लपवता येत नाही. मात्र हसताना ओठ ताणला जातो, म्हणून हे माप निर्विकार चेहऱ्यावरच घ्यायचं. तुमच्या खिडकीच्या फोटोत ओठ मिटलेले आहेत, तिथे ते घेता येतं आणि तेवढ्यावरून मी तुम्हाला चौतीस म्हटलं नसतं. मग वरची पापणी. भुवईखालची त्वचा पापणीवर किती उतरली आहे आणि पापणीची मूळ पट्टी किती दिसते आहे? त्यानंतर जबड्याची कड. तरुणपणी ती कानापासून हनुवटीपर्यंत एका रेषेत जाते. पुढे हनुवटीच्या दोन्ही बाजूंना गालफड किंचित लोंबतं आणि ती रेषा तुटते. तुमच्या दोन्ही फोटोंत ती तुटायला जेमतेम सुरुवात झाली आहे, आणि दोन्हीकडे सारखंच दिसतं म्हणून मी या खुणेवर विश्वास ठेवते. नंतर गळा आणि कानाची पाळी, कारण तिथे ना मेकअप पोचतो ना फोनचा गुळगुळीतपणा.

या सगळ्यानंतर सुरकुत्या बघायच्या, तेही उजेडाचा हिशेब लावून. केस सर्वांत शेवटी. पिकलेले किंवा विरळ केस अंदाजाला जोरात ओढतात, पण कोणाचे केस तिशीतच पिकतात, कोणी रंगवतं. म्हणून मी आकडा लिहिते, मग केसांचा भाग बोटाने झाकून पुन्हा लिहिते. दोन आकड्यांत पाच वर्षांहून जास्त फरक पडला, तर पहिला अंदाज मी चेहऱ्यावरून केलेलाच नव्हता. दाढीच्या बाबतीतही तेच.

आकडा एकच न लिहिता पट्टा लिहावा. तुमचे दोन्ही फोटो शेजारी ठेवून, उजेड आणि हसू वजा करून माझा पट्टा ३७ ते ४४ असा येतो. तुम्ही खरं वय आधीच सांगितलं असल्याने हा अंदाज निर्भेळ नाही. तो इथे फक्त रीत कळावी म्हणून दिला आहे.

फोटो निर्दोष असला तरी दिसणारं वय आणि जन्मतारखेचं वय यांत अंतर राहणारच, कारण चेहरे एका वेगाने म्हातारे होत नाहीत. उन्हाचा वाटा यात मोठा आहे. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवताना खिडकीच्या काचेतून त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर ऊन पडत राहिलं. डावी बाजू खोल घड्यांनी जाडजूड झालेली आणि उजवी त्या मानाने कितीतरी नितळ. एकाच माणसाच्या दोन बाजू झाकून वय विचारलं तर दोन वेगळे आकडे येतील. त्यामुळे तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्याचा फोटो असेल तर कोणती बाजू दिसते आहे, हेही विचारात घ्यावं लागतं.

वजनाचं गणित वयाप्रमाणे उलटतं. प्लास्टिक सर्जन बहमन गुयुरॉन यांनी २००९ मध्ये जुळ्यांच्या फोटोंवरून दाखवलं की चाळिशीच्या आत जुळ्यांपैकी जड असणारा भाऊ किंवा बहीण जास्त वयाची दिसते. चाळिशीनंतर जडच तरुण दिसतात, कारण गालातली चरबी टिकून असते. तुम्ही नेमके या वळणावर आहात. गेल्या वर्ष-दोन वर्षांत बरंच वजन उतरवलं असेल, तर चेहरा त्यामुळेही थकलेला दिसू शकतो.

या सगळ्यामुळे एका गोष्टीसाठी मी फोटोवरून वय सांगायला ठाम नकार देते. समोरचा माणूस अठराच्या आत आहे की बाहेर, हे ठरवायला कोणी फोटो पाठवला तर मी आकडा देत नाही. त्या वयात दाढी, मेकअप किंवा कॅमेऱ्याचा कोन एवढ्यानेच अंदाज रेषेच्या अलीकडे-पलीकडे जातो आणि लोकांचा कल तर तरुणांना मोठं ठरवण्याकडेच असतो. एखाद्या मुलाला सज्ञान ठरवून टाकण्याचा धोका त्यात सरळसरळ आहे.

तुम्हाला प्रयोग पुन्हा करायचा असेल तर फोटो असा घ्या. ढगाळ दिवशी बाहेर मोकळ्या सावलीत उभे राहा, म्हणजे उजेड वरूनही येईल आणि समोरूनही. फोन डोळ्यांच्या उंचीवर, दीड ते दोन मीटरवर, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या आणि नंतर हवं तेवढं कापा. चेहरा निर्विकार, ओठ मिटलेले, केस कपाळावरून मागे. त्वचा गुळगुळीत करणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि कान-गाल तपासून ती खरंच बंद झाली आहे याची खात्री करा. हा फोटो निरनिराळ्या वयांच्या आठ-दहा अनोळखी चेहऱ्यांमध्ये मिसळा आणि प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने दाखवा. आधीचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना यात घेऊ नका. आकडा तोंडी न विचारता लिहून घ्या, नाहीतर पहिल्याने म्हटलेला आकडाच सगळे थोडाफार इकडेतिकडे करून सांगतील. शेवटी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, म्हणजे एखाद्याने भलताच आकडा लिहिला तरी निकाल ढळणार नाही. बघणारे तिशीपासून साठीपर्यंतचे मिसळून घेतलेत तर आणखी चांगलं.